ऑफसेटवरून मीटिंगची वेळ काढताना तास कुठे हरवतो

प्रश्न: आमची टीम पुण्यात, क्लायंट न्यू जर्सीत आणि टेस्टिंगची माणसं लंडनला. दर मंगळवारच्या मीटिंगची वेळ मेलमध्ये `9:30 AM, UTC-05:00` अशी येते. मी साडेदहा तास मिळवून आमच्याकडचे रात्रीचे आठ धरतो. मार्चमध्ये याच हिशोबाने आमची आख्खी टीम तासभर उशिरा पोचली. बेरीज तर बरोबर आहे, मग चुकलं कुठे? आणि हे एक्सेलमध्ये कसं बसवू?

उत्तर:

बेरीज बरोबरच आहे, पण मेलमधला ऑफसेट त्या तारखेचा नव्हता. उणे पाच हा न्यू जर्सीचा हिवाळ्यातला ऑफसेट. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ८ मार्चच्या रविवारी पहाटे दोन वाजता तिथली घड्याळं एक तास पुढे गेली आणि त्या क्षणापासून तिथला ऑफसेट उणे चार झाला. त्यामुळे मंगळवारी १० मार्चला तिथे सकाळचे साडेनऊ वाजले तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात वाजले होते, आठ नव्हे. मी बरीच वर्षं पुण्यात बसून अमेरिका-युरोपातल्या टीमबरोबरच्या मीटिंगा लावतो आहे. वेळेचे जे घोळ निस्तरावे लागले, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ हेच होतं: आपण ऑफसेट गावाच्या नावापुढे एकदाच लिहून ठेवतो आणि वर्षभर तोच वापरतो. ऑफसेट विचारताना गावाबरोबर तारीखही विचारायला हवी.

आधी हिशोबाची पद्धत पक्की करू, कारण ती एकदा बसली की पुढची प्रत्येक चूक ओळखता येते.

ऑफसेट म्हणजे एखाद्या ठिकाणचं घड्याळ यूटीसीच्या किती पुढे किंवा मागे चालतं तो फरक. पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. आपला अधिक साडेपाच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर धरली आहे, जे मिर्झापूरजवळून जातं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ८२.५ भागिले १५ करून साडेपाच तास येतात. आपल्या हिशोबात तो त्रासदायक अर्धा तास येतो तो इथून.

आता पायऱ्या दोनच. त्यांच्या वेळेतून त्यांचा ऑफसेट वजा करायचा, की यूटीसी मिळतो. त्या यूटीसीत आपला ऑफसेट मिळवायचा, की आपली वेळ मिळते. १० मार्चची मीटिंग घ्या. तिकडची वेळ ९:३०, ऑफसेट उणे चार. उणे चार वजा करणं म्हणजे चार मिळवणं, म्हणून ९:३० चे १३:३० झाले. हा यूटीसी. त्यात ५:३० मिळवले की १९:००, म्हणजे संध्याकाळचे सात.

दोन ठिकाणांतला फरक थेट पाठ करून एका पायरीत उत्तर काढता येतं, आणि रोजच्या कामात सगळे तेच करतात. पण तुमच्यासारखी तीन गावं असली की मधला यूटीसी कागदावर लिहिलेला बरा. तो एकच आकडा तिघांनाही लागू पडतो. १३:३० यूटीसीवरून लंडनची वेळ काढायला न्यू जर्सीकडे परत वळून बघावं लागत नाही, आणि तिघांपैकी एकाचंच घड्याळ सरकलं तर नेमकी कुठली पायरी बदलायची तेही लगेच दिसतं.

चिन्हाची चूक मात्र अगदी अनुभवी माणसाकडूनही घाईत होते. उणे चार बघून हात आपोआप वजाबाकी करतो: ९:३० चे ५:३०, त्यात साडेपाच मिळवून सकाळचे अकरा. हे उत्तर चूक आहे हे ओळखायला पुन्हा गणित करावं लागत नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पट्ट्यापेक्षा आपण साडेनऊ किंवा साडेदहा तास पुढे असतो आणि कॅलिफोर्नियापेक्षा साडेबारा किंवा साडेतेरा. साडेनऊचे अकरा म्हणजे फक्त दीड तासाचं अंतर, आणि तेवढ्या अंतरावर दुबई आहे. उत्तर हाती आलं की मूळ वेळेशी त्याचा फरक किती पडतोय एवढं एकदा डोळ्यांखालून घाला. चिन्ह उलटं झालेलं असेल तर तो फरक कधीच ओळखीचा निघणार नाही.

तोंडी हिशोबाची एक रीत आमच्याकडे सर्रास चालते, ती सांगून ठेवतो. न्यू जर्सीच्या सकाळची रात्र करायची आणि उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात दीड तास वजा करायचे. सकाळचे साडेनऊ, त्याचे रात्रीचे साडेनऊ, वजा अडीच म्हणजे सात. वजा दीड म्हणजे आठ. कॅलिफोर्नियासाठी उलट: बारा तास फिरवायचे आणि उन्हाळ्यात अर्धा, हिवाळ्यात दीड तास मिळवायचा. फोनवर बोलता बोलता उत्तर द्यायला ही रीत उत्तम आहे. पण उन्हाळा चालू आहे की हिवाळा, हे तुम्हाला आधी ठाऊक असावं लागतं, आणि तुमची गाडी नेमकी तिथेच अडली.

तर मार्चमध्ये मेलमध्ये उणे पाच आलाच कसा? क्लायंटने मुद्दाम चुकीचं लिहिलं नसणार. विंडोजमध्ये टाइम झोन निवडायची जी यादी उघडते, तिच्यात न्यू जर्सीसाठीची ओळ अशी असते:

```
(UTC-05:00) Eastern Time (US & Canada)
```

ही ओळ जुलैमध्ये उघडली तरी अशीच दिसते. कंसातला आकडा त्या झोनचा मूळ, म्हणजे हिवाळी ऑफसेट आहे. आज तिथे किती वाजलेत याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रत्यक्ष वेळ दाखवताना विंडोज उन्हाळ्याचा तास बरोबर धरतं, फक्त यादीतलं नाव बदलत नाही. माणूस मेल लिहिताना ही ओळ बघतो, `UTC-05:00` उचलून वेळेपुढे लावतो, आणि वाचणारा तो अक्षरशः खरा मानून बेरीज करतो. लंडनच्या ओळीतही बारा महिने `UTC+00:00` असतो, जरी उन्हाळ्यात लंडन अधिक एकवर चालत असलं तरी.

`EST` लिहिण्याचंही तसंच. `EST` म्हणजे काटेकोरपणे उणे पाच, आणि उन्हाळ्यातल्या उणे चारला `EDT` म्हणतात. पण अमेरिकेतले लोक बोलताना-लिहिताना वर्षभर `EST` म्हणत राहतात, आणि त्यांच्या मनात असते ती त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात कुणी `9:30 EST` लिहिलं, तर मी त्या अक्षरांवर भरवसा ठेवत नाही. एका ओळीत विचारतो: तुमच्याकडच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ ना? आजवर या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर मला आलेलं नाही. आपल्या `IST` ला तर आणखीच वाटेकरी आहेत. इस्रायलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ, दोन्ही `IST` अशाच लिहितात. टीममध्ये डब्लिनचा कुणी असेल तर ही तीन अक्षरं टाळाच.

आता तुमच्या मीटिंगचा पूर्ण वसंत ऋतू तारखांनिशी बघू, कारण लंडनमुळे त्यात आणखी एक गाठ आहे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते. ब्रिटन आणि युरोपीय संघ मार्चच्या शेवटच्या रविवारी करतात, यंदा २९ मार्चला. मधले तीन आठवडे एकाने घड्याळ सरकवलेलं असतं आणि दुसऱ्याने नाही.

मंगळवार ३ मार्च: न्यू जर्सी ९:३०, ऑफसेट उणे पाच, यूटीसी १४:३०. लंडनचा ऑफसेट शून्य, म्हणून तिथे दुपारचे अडीच. पुण्यात रात्रीचे आठ. तुमची पाठ केलेली वेळ ती हीच.

मंगळवार १० मार्च: न्यू जर्सी उणे चारवर आली, यूटीसी १३:३०. लंडन अजून शून्यावरच, म्हणून तिथे दुपारचा दीड. पुण्यात सात. १७ आणि २४ मार्चलाही हेच.

मंगळवार ३१ मार्च: यूटीसी १३:३० च राहिला, पण लंडन आता अधिक एकवर गेलं, म्हणून तिथे पुन्हा अडीच. पुण्यात सातच.

म्हणजे न्यू जर्सीच्या माणसाला वर्षभर साडेनऊच दिसतात. लंडनच्या माणसाला अडीचचे दीड होऊन तीन आठवड्यांनी पुन्हा अडीच दिसतात. आणि पुण्याला एकदाच आठचे सात होतात, पण ते नोव्हेंबरपर्यंत टिकतात. घड्याळ फक्त आपलंच स्थिर, आणि सरकते आपलीच मीटिंग. दरवर्षी नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. ज्याचं घड्याळ हलतं त्याची मीटिंग त्याच्या घड्याळाबरोबर हलते, म्हणून त्याला काही जाणवत नाही.

लंडनपुरती एक गंमतीची युक्ती आहे, आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला दाखवलेली. हातावरचं काट्यांचं घड्याळ उलटं, म्हणजे बारा खाली आणि सहा वर असं धरून वाचलं की लंडनची वेळ दिसते. मिनिटकाटा अर्धा फेरा फिरतो म्हणजे अर्धा तास सरकतो, तासकाटा अर्धा फेरा फिरून सहा तास सरकतो, आणि दोन्ही मिळून साडेपाचचा फरक जवळपास भरून निघतो. पुण्याचे साडेपाच वाजलेलं घड्याळ उलटं करून बघा, बारा वाजल्यासारखं दिसेल. फक्त तासकाटा अर्ध्या घरानं मागे असतो. पण ही युक्ती ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंतच चालते. उन्हाळ्यात फरक साडेचारचा होतो आणि उलटं घड्याळ एक तास चुकीचं सांगतं. ऑफसेटला तारीख लागते याचा याहून सोपा पुरावा माझ्याकडे नाही.

आणि हे केवळ परदेशाचं लक्षण समजू नका. भारताने १९०६ साली साडेपाच तासांची प्रमाणवेळ स्वीकारली, तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू होता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, म्हणजे अधिक ४:५१. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर भारताची घड्याळं काही वर्षं अधिक साडेसहावर होती. ऑफसेट सरकारच्या निर्णयाने ठरतो आणि निर्णयाने बदलतो. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागातली उन्हाळी वेळ बंद केली. तेव्हा ज्यांनी पुढच्या वर्षीच्या मीटिंगा जुना ऑफसेट लावून लिहून ठेवल्या होत्या, त्यांच्या उन्हाळ्यातल्या वेळा एका तासाने चुकीच्या ठरल्या.

म्हणून माझा नियम असा. जे घडून गेलं त्याची नोंद ऑफसेटसह ठेवा: लॉग, बैठकीचा वृत्तांत, सही झाल्याची वेळ. `2026-03-10T09:30:00-04:00` असं लिहिलं की तो क्षण कायमचा पक्का होतो, पुढे कुणी कायदा बदलला तरी. पण जे पुढे दर आठवड्याला घडायचं आहे ते ऑफसेटने बांधू नका. ते गावाच्या नावाने बांधा, `America/New_York` किंवा कॅलेंडरमधलं ‘ईस्टर्न टाइम’, आणि त्या दिवशीचा ऑफसेट काय ते कॅलेंडरला ठरवू द्या.

इथे एक निर्णय माणसांनाच करावा लागतो: मीटिंग कुणाच्या घड्याळाला बांधायची? तुमची बहुधा न्यू जर्सीच्या घड्याळाला बांधलेली आहे, पण हे टीममध्ये कुणी स्पष्ट बोललेलं नसेल. समजा निमंत्रण पुण्यातून गेलं आणि कॅलेंडरच्या टाइम झोनच्या चौकटीत भारताची वेळच राहिली. मग मीटिंग पुण्याच्या रात्री आठला घट्ट बसते. १० मार्चला न्यू जर्सीला ती साडेनऊऐवजी साडेदहाला दिसते, आणि लंडनला ३१ मार्चपासून अडीचऐवजी साडेतीनला. साडेनऊला दुसरी मीटिंग संपवून दहाला तिसरीत शिरणारा क्लायंट मग विचारतो की वेळ कुणी बदलली, आणि खरं उत्तर असं की पुण्यात कुणी कशाला हातच लावलेला नाही. निमंत्रण तयार करताना वेळेच्या शेजारची टाइम झोनची चौकट उघडून ज्याच्या घड्याळाला मीटिंग बांधायची त्याचं गाव निवडा. ही चौकट सहसा आपोआप आपल्या लॅपटॉपच्या वेळेवर असते आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही.

कुणाचं घड्याळ धरायचं हे फक्त क्लायंटच्या सोयीने ठरू नये असं मला मनापासून वाटतं. आठचे सात झाले की कुणाचा स्वयंपाकाचा वेळ जातो, कुणाची मुलांना क्लासवरून आणायची वेळ मोडते. नोव्हेंबरमध्ये साताचे आठ झाले की कंपनीची बस निघून गेलेली असते. मी मार्च आणि नोव्हेंबरच्या आदल्या आठवड्यात टीमला नवी वेळ सांगतो आणि कुणाला अडचण आहे का ते विचारतो. दोनदा क्लायंट अर्धा तास सरकायला आनंदाने तयार झाला. विचारलं नसतं तर त्याला अडचण कळलीच नसती.

आता एक्सेल. `A2` मध्ये तिकडची तारीख आणि वेळ एकत्र, `B2` मध्ये त्या तारखेचा तिकडचा ऑफसेट दशांशात, आणि `C2` मध्ये हे सूत्र:

```
=A2-B2/24+5.5/24
```

एक्सेल पूर्ण दिवसाला १ मानतं, म्हणून तासांना २४ ने भागायचं. `B2` मध्ये `-4` असेल तर वजा-वजा मिळून बेरीज सूत्रच करतं; तुम्ही चिन्हाला हात लावायचा नाही.

यात सगळ्यात जास्त फसवणारी जागा `5.5` ची आहे. साडेपाच म्हणजे पाच वाजून तीस, म्हणून हात `5.30` टाइप करतो. एक्सेलसाठी ते ५.३ तास, म्हणजे ५ तास १८ मिनिटं. माझ्या जुन्या टीमच्या शीटमध्ये हे होतं. सगळ्या मीटिंगा १२ मिनिटं आधी दिसायच्या, सातऐवजी सहा अठ्ठेचाळीस. लोक १२ मिनिटं लवकर येऊन बसायचे आणि तिकडचे लोक उशिरा येतात असं समजायचे. महिनाभराने एकाने विचारलं की कुठलीच मीटिंग पूर्ण किंवा अर्ध्या तासाला का नाही, तेव्हा ते सूत्र उघडून बघितलं. उत्तरात १८ किंवा ४८ मिनिटं दिसली की आधी हा आकडा तपासा. नेपाळचा पावणेसहाही असाच: `5.75`, `5.45` नव्हे.

दुसरी जागा तारखेची. `A2` मध्ये नुसती वेळ टाकली, तारीख नाही, तर दिवस गुपचूप हरवतो. कॅलिफोर्नियातली गुरुवार संध्याकाळी सहाची मीटिंग घ्या, उन्हाळ्यात, ऑफसेट उणे सात. १८:०० मध्ये सात मिळवले की २५:००, म्हणजे शुक्रवारचा १:०० यूटीसी. त्यात साडेपाच, शुक्रवार सकाळचे साडेसहा. नुसती वेळ टाकली असती तर शीटने ०६:३० बरोबर दाखवलं असतं, पण ते शुक्रवारचे हे कुठेच दिसलं नसतं, आणि माणूस गुरुवारी पहाटे उठून बसला असता. उलट दिशेने, पुण्याची सकाळ अमेरिकेच्या वेळेत बदलताना, नुसत्या वेळेचं उत्तर शून्याखाली जातं आणि चौकटीत `#####` उमटतं. रकाना रुंद करूनही ते जात नसेल तर तारीख राहून गेली आहे. तारीख दिसायला महिना अक्षरी ठेवा, `dd-mmm-yyyy hh:mm`. `10-03-2026` हे अमेरिकी सेटिंगच्या लॅपटॉपवर ३ ऑक्टोबर होतं. आणि टाकलेली तारीख चौकटीत डावीकडे चिकटली, तर एक्सेलने ती तारीख म्हणून घेतलेलीच नाही. ती मजकूर म्हणून पडली आहे.

आता राहिला `B2`. तो हाताने भरला तर मार्चची चूक पुन्हा होईल. न्यूयॉर्क-न्यू जर्सीसाठी तो तारखेवरूनच काढा:

```
=IF(AND(A2>=DATE(YEAR(A2),3,15)-WEEKDAY(DATE(YEAR(A2),3,14)),
A2<DATE(YEAR(A2),11,8)-WEEKDAY(DATE(YEAR(A2),11,7))),-4,-5)
```

मार्चचा दुसरा रविवार नेहमी ८ ते १४ तारखांत येतो. म्हणून १४ मार्चचा वार बघून तिथून मागे रविवारपर्यंत यायचं, एवढंच या सूत्रात आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारसाठी ७ तारखेवरून तसंच. बदल पहाटे दोनला होतो आणि सूत्र मध्यरात्रीपासून धरतं, पण रविवारी पहाटे मीटिंग नसते, तेव्हा त्या दोन तासांचा फरक पडत नाही. सूत्र बसवलं की ३ मार्च आणि १० मार्च २०२६ या दोन तारखा टाकून बघा: उत्तर अनुक्रमे २०:०० आणि १९:०० यायला हवं. हा नियम अमेरिकेत २००७ पासून आहे, त्याआधीच्या तारखांना हे सूत्र लावू नका. अमेरिकेतल्या प्रत्येक गावालाही ते लागू नाही. ॲरिझोनातलं फिनिक्स वर्षभर उणे सातवरच असतं.

लिनक्सवर काम करणारा कुणी टीममध्ये असेल तर पडताळणी एका ओळीत होते:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/New_York" 2026-03-10 09:30' '+%F %R'
```

उत्तर `2026-03-10 19:00` येतं. इथे ऑफसेट आपण दिलेलाच नाही, गाव आणि तारीख दिली. ऑफसेट मशीनने स्वतःच्या टाइम झोनच्या यादीतून काढला. फक्त ही यादी अपडेट झालेली हवी. जुनं, अपडेट न मिळालेलं मशीन बंद झालेली उन्हाळी वेळही इमानेइतबारे लावत राहतं.

दुबई किंवा सिंगापूरच्या टीमसाठी हा सगळा खटाटोप लागत नाही. दुबई अधिक चार, सिंगापूर अधिक आठ, आणि दोन्हीकडे घड्याळ हलत नाही; तिथे एकदा पाठ केलेला फरक बारा महिने चालतो. सिडनीचं मात्र सांभाळा. तिथे ऋतू उलटे, म्हणून घड्याळही ऑक्टोबरमध्ये पुढे आणि एप्रिलमध्ये मागे जातं.

मेलमध्ये वेळ लिहायला तुम्ही क्लायंटला हा नमुना सुचवू शकता. मी स्वतः पाठवतो त्या प्रत्येक मेलमध्ये हाच असतो:

```
Tue 10 Mar 2026
New York 09:30 (UTC-04:00)
London   13:30 (UTC+00:00)
Pune     19:00 (UTC+05:30)
```

गावाचं नाव आणि त्या दिवशीचा ऑफसेट, दोन्ही मुद्दाम लिहायचे. दोन्ही एकमेकांशी जुळले तर वेळ पक्की. न्यूयॉर्कच्या पुढे मार्चच्या मध्यात उणे पाच दिसला, तर लिहिणाऱ्याचं कुठेतरी चुकलंय हे वाचणाऱ्याला बेरीज करण्याआधीच कळतं. तुमच्या मेलमध्ये फक्त ऑफसेट होता, म्हणून तो ताडून बघायला तुमच्या हातात काहीच नव्हतं.

शरद ऋतूत हीच गोष्ट उलट्या क्रमाने होईल, आणि ती चूक पकडायला जास्त अवघड. ब्रिटन २५ ऑक्टोबरला घड्याळ मागे घेईल, अमेरिका १ नोव्हेंबरला. मंगळवारी २७ ऑक्टोबरला लंडनची मीटिंग दीडला, तुमची सातलाच. मंगळवारी ३ नोव्हेंबरला लंडन परत अडीचला, आणि तुमची पुन्हा आठला. त्या दिवशी सवयीने सातला येणारा माणूस उशिरा येणार नाही, तासभर आधी येईल. मार्चसारखी तक्रार कुणाकडून येणार नाही. तो रिकाम्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं थांबेल, मीटिंग रद्द झाली असं समजून घरी निघून जाईल, आणि आठ वाजता त्याची वाट बघितली जाईल. म्हणून ३० ऑक्टोबरच्या शुक्रवारी टीमला नवी वेळ कळवायची आठवण आजच कॅलेंडरवर टाकून ठेवा.